भरीत पार्टीचा फोटो आणि कार्टून अ‍ॅप

"दादा, फोटो मीच काढलाय, मोबाईल पण माझा, मग कार्टून करायला टाकला तर अजून कोणाला विचारायचं? त्यामा काय व्हस?" मित्रांच्या पोरांचा फोटो घेऊन आलेलं गिऱ्हाईक मला असं म्हणतं.

अमळनेरला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे, मार्च 2025 मधे ते फोटोचं जिबली स्टाईल कार्टून करायचं वेड आलं तेव्हापासून लोक फ्रेम नाहीतर कॉफीचा मग बनवायला असे फोटो घेऊन येतात. माझं म्हणणं एवढंच की पोरांच्या आईबापाला विचारायचं ते ग्रुपवर टाकायच्या आधी नाही, अ‍ॅपमधे टाकायच्या आधी. कारण बहुतेक अ‍ॅप फोटो तुमच्या मोबाईलमधे रंगवत नाहीत, अख्खा फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून कार्टून होऊन परत येतो. म्हणजे कार्टून तुम्ही कोणालाच दाखवलं नाही तरी खरा चेहरा एका कंपनीकडे पोचलेला असतो.

तुमचं अ‍ॅप कुठे काम करतं ते बघायचं असेल तर मोबाईल एरोप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद आहे ना बघा, आणि फोटो देऊन पहा. नेट मागितलं तर समजा काम सर्व्हरवर होतंय. नेटशिवाय झालं तर कार्टून मोबाईलमधेच बनलं, पण नेट आल्यावर ते काही पाठवणारच नाही याची खात्री त्यातून मिळत नाही, हे पण लक्षात ठेवा.

आता एक फोटो घेऊ. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी, मित्रांची चार-पाच पोरं कळण्याची भाकरी हातात घेऊन उभी, एकाच्या अंगात शाळेचा टी-शर्ट त्यावर शाळेचं नाव, मागे गाडीची नंबर प्लेट, आणि कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फाईलमधे त्या शेताचा पत्तासुद्धा. तुम्हाला दिसतं हसणारं पोरगं, पण पाठवलं जातं हे सगळं.

अशा वेळी मी आधी आईबापाला मेसेज करायला सांगतो, आणि त्यात तीन गोष्टी पाहिजेतच, कोणता फोटो, कोणत्या अ‍ॅपमधे, आणि झालेलं कार्टून कुठे जाणार. नुसतं "फोटो टाकू का?" विचारलं तर समोरच्याला वाटतं स्टेटसला टाकणार असेल, तो हो म्हणतो, आणि ते हो अ‍ॅपसाठी नसतं. पोरगं मोठं असेल तर त्याला पण विचारा, सात-आठ वर्षांच्या पोराला बरोबर सांगता येतं की माझं कार्टून नको. कोणी उत्तरच दिलं नाही तर तो नकारच धरायचा.

समजा एक वहिनी नको म्हणाल्या. मग त्यांचं पोरगं फोटोतून क्रॉप करा, नाहीतर चेहऱ्यावर गडद ठोकळा टाका. हायलायटर पेनने झाकू नका, तो रंग अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचा चेहरा दिसू शकतो. शाळेचं नाव, नंबर प्लेट पण असंच घालवा, आणि मग त्याचा स्क्रीनशॉट काढून तो स्क्रीनशॉटच अ‍ॅपला द्या, मूळ फोटोतलं लोकेशन त्याच्यात येत नाही. अ‍ॅपने गॅलरीची परवानगी मागितली तर सगळे फोटो न देता फक्त निवडलेले फोटो देण्याचा पर्याय नव्या अँड्रॉइडला आणि आयफोनला आहे, तोच निवडा.

कायद्याचं विचारतात लोक. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा तो बालक, आणि त्याचा डेटा वापरायला कंपनीने पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची आहे. पण घरगुती, वैयक्तिक कामासाठी कोणी डेटा वापरला तर त्या माणसाला हा कायदा लागू होत नाही, म्हणून मित्राच्या पोराचा फोटो तुम्ही टाकलात तर या कायद्याने तुम्हाला कोणी विचारणार नाही. आणि अ‍ॅप तरी काय करतं, तुमच्यासमोर "मला परवानगी आहे" असा टिकमार्क ठेवतं, तुम्ही दाबून मोकळे होता. त्या पोराच्या आईबापापर्यंत कोणीच पोचत नाही, तुम्ही सोडून! मला हे फार लागतं, कारण त्या पोराच्या बाजूने बोलणारं तिथे दुसरं कोणी नाही.

आणि आधीच टाकला असेल तर नुसतं अ‍ॅप उडवून काही होत नाही, खातं आणि फोटो सर्व्हरवर राहू शकतात. आधी अ‍ॅपमधला फोटो डिलीट करा, मग सेटिंगमधून खातं बंद करा, आणि शेवटी अ‍ॅप काढा. चॅटजीपीटी वापरलं असेल तर ते चॅट डिलीट करा, कंपनी म्हणते की साधारण 30 दिवसांत ते त्यांच्याकडून पण जातं, आणि डेटा कंट्रोल्समधे `Improve the model for everyone` बंद करा, म्हणजे पुढचे फोटो एआयला शिकवायला वापरले जात नाहीत. ज्यांच्या पोराचा फोटो होता त्यांना फोन करून हे सांगून टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेलेलं कार्टून कोणाकोणाकडे आहे ते त्यांनाही शोधायला लागेल.