आमची वाटचाल: पहिल्या दिवशी फक्त दात मोजायचे

आमचं बोर्ड बनवायचं दुकान ठाण्यात नौपाड्यात, २००६ पासून. मी आणि माझा मामा. मामा मूळचा हाताने बोर्ड रंगवणारा पेंटर, खडूची दोरी ताणून टणकन सोडली की सरळ रेघ, मग हात टेकवायला काठी, आणि ब्रश असे जपलेले की मला हात लावू द्यायचा नाही. फ्लेक्स आलं तसं ते काम बुडालं आणि आम्ही प्लॉटर, एसीपी शीट, अ‍ॅक्रिलिकची अक्षरं, एलईडी या वाटेला लागलो. पण मामाचा एक नियम आजही दुकानात चालतो. बोर्डावर जे लिहायचं ते आधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून मोठ्याने म्हणून बघायचं, तोंडात बसलं नाही तर लिहायचं नाही. लोक बोर्डाचे पैसे देतात, अक्षरांचे देतात, लायटिंगचे देतात, पण बोर्डावरची लाइन कोणीतरी फुकट सुचवावी असंच सगळ्यांना वाटतं. ह्याच लाइनबद्दल लिहायचंय मला.

मधली वर्षं ठीक गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. २०२३ मात्र विसरणार नाही. मराठी पाट्यांसाठी सुप्रीम कोर्टाने सप्टेंबरमध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि ठाण्यात एकदम पळापळ झाली. एका मोठ्या साखळी दुकानवाल्यांनी आमच्याकडे सगळ्या शाखांची ऑर्डर टाकली, आम्ही शीट, मॉड्यूल, पॉवर सप्लाय सगळं उधारीवर उचललं, मुलं रात्रपाळीला बसवली, पाट्या वेळेत लागल्या, आणि पेमेंट अडकलं. आज देतो, हेड ऑफिसला फाइल गेलीय, साहेब बाहेरगावी आहेत. शीटवाला दारात येऊन बसायचा, प्लॉटरचा हप्ता चुकला, मामा म्हणाला दुकान भाड्याने देऊ. त्याच दिवसांत पाचपाखाडीच्या डॉक्टर मॅडमनी, लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर त्या, बोर्डाचा आणि लाइनचा वेगळा असा पूर्ण अ‍ॅडव्हान्स दिला. लाइनचा वेगळा! आमच्या दुकानाच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी शब्दांचं बिल मागून घेतलं. त्या पैशांत हप्ता गेला आणि शटर उघडं राहिलं.

मॅडमचं काम सोपं वाटत होतं. पहिल्यांदा येणाऱ्या मुलाची भीती जावी अशी एक ओळ. त्याआधी त्यांच्याकडे आमच्याच धंद्यातला एक जण जाऊन आला होता, नाव घेत नाही, मोठं ऑफिस आहे, मुलं टाय लावून येतात. त्याने दिलेलं डिझाइन म्हणजे हातात ब्रशची तलवार घेतलेला दात आणि खाली लिहिलेलं, १००% पेनलेस, घाबरू नका. आणि लाइन फुकट, बोर्डासोबत. मॅडमनी नको म्हटलं. एक तर डेंटल कौन्सिलची २०१४ ची आचारसंहिता आहे, जाहिरातबाजीवर बंधनं आहेत, असले दावे डॉक्टरच्या अंगाशी येतात. आणि दुसरं कारण त्यांनी मला सांगितलं नाही, म्हणाल्या तुम्ही एक दिवस वेटिंगमध्ये बसा, दिसेल.

बसले. एक आजी नातवाला घेऊन आल्या, चारेक वर्षांचा असेल, मस्त गाडी फिरवत होता फरशीवर. आजी दर थोड्या वेळाने त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायच्या, सुई नाही हं बाळा, अजिबात सुई नाही, दुखणार नाही काही. पोराच्या डोक्यात सुई नव्हतीच! तिसऱ्यांदा ऐकलं तशी गाडी थांबली, ओठ थरथरले, आणि आत जायच्या आधीच रडारड. मॅडम नंतर म्हणाल्या, लहान मुलाला त्यातला नाही हा शब्द ऐकूच येत नाही, सुई आणि दुखणं तेवढं ऐकू येतं. म्हणजे पेनलेस लिहिलं काय, वेदनारहित लिहिलं काय, घाबरू नकोस लिहिलं काय, आपण दारातच त्याला घाबरायचं कशाला ते सांगून ठेवतो.

तिथेच मला दुसरी गोष्ट कळली, जी त्या टायवाल्याला कळली नव्हती. बोर्ड मूल वाचतच नाही, त्याला वाचताच येत नाही. वाचते आई, बाबा, आजी. मग ते आदल्या रात्री झोपवताना मुलाला काहीतरी सांगतात, आणि मुलाची भीती त्या सांगण्यातून तयार होते. म्हणजे आपल्याला मोठ्या माणसाच्या तोंडात द्यायचं वाक्य लिहायचंय, जे आई जसंच्या तसं पोराला म्हणेल आणि त्यातून मुलाला कळेल की उद्या नक्की काय होणार आहे. हसऱ्या दातांचं घर, चिमुकल्यांच्या दातांचा मित्र, असलं काही कुठली आई रात्री म्हणेल? आणि म्हणाली तरी पोराला काय कळणार, उद्या तिथे करायचंय काय?

म्हणून मी मॅडमना विचारलं, पहिल्या दिवशी तुम्ही खरंच काय करता, पायरीपायरीने सांगा. त्यांनी सांगितलं. त्यांच्या शास्त्रात एक जुनी पद्धत आहे, आधी सांगा, मग दाखवा, मग करा, १९५९ मध्ये अ‍ॅडलस्टन नावाच्या दंतवैद्याने मांडलेली. म्हणजे आरसा आधी मुलाच्या हातात द्यायचा, मग त्याच्या नखावर टेकवून दाखवायचा, मग तोंडात, आणि जे दाखवलं त्याच्यापेक्षा वेगळं काही करायचं नाही. पाणी मारणाऱ्या नळीला पिचकारी म्हणायचं, थुंकी ओढणाऱ्या नळीला व्हॅक्यूम क्लीनर. आणि पहिल्या दिवशी खुर्चीत बसवून आरशाने दात मोजायचे, मोठ्याने, एक, दोन, तीन. दुधाचे पूर्ण आले की वीस असतात, वर दहा खाली दहा. मोजता मोजता डॉक्टरची तपासणी होऊन जाते, कुठे पांढरा डाग, कुठे कीड, आणि मुलाच्या लेखी तो आकड्यांचा खेळ असतो.

लाइन तिथेच होती, त्यांच्या हातात. पहिल्या दिवशी फक्त दात मोजायचे. मामाने रस्त्याच्या पलीकडून म्हणून बघितलं आणि म्हणाला, हे आई म्हणेल गं.

मॅडमना आवडली पण त्यांनी लगेच सही केली नाही, आणि ह्यासाठी मला त्यांचा फार आदर आहे. त्या म्हणाल्या, माझ्याकडे बरीच मुलं पहिल्यांदा येतात तीच दुखायला लागल्यावर, रात्रभर रडून, गाल सुजवून. त्यांना मी फक्त मोजून परत पाठवू? आणि पाठवलं नाही तर आईने रात्री सांगितलेलं खोटं ठरलं, ते मूल मग पुढे माझ्यावरही विश्वास ठेवणार नाही आणि आईवरही. बरोबरच होतं. लाइन बदलून तिला शेपूट लावता आलं असतं, तातडीचे उपचार वगळून वगैरे, पण मग ती आईच्या तोंडात राहिली नसती. आम्ही लाइन तशीच ठेवली आणि फोनवर बसणाऱ्या ताईंचं बोलणं बदललं. पहिला प्रश्न, दुखतंय का, सूज किंवा ताप आहे का? असेल तर ती लाइन उच्चारायचीच नाही, त्याच दिवशी बोलवायचं आणि आईला सांगायचं की मुलाला एवढंच म्हणा, डॉक्टर तुझ्या दाताला बरं करणार आहेत. नसेल तर, या, पहिल्या दिवशी फक्त दात मोजायचे. आणि मॅडमनी स्वतःला बांधून घेतलं, मोजताना कीड दिसली तरी त्या दिवशी मशीन हातात घ्यायचं नाही, पुढची तारीख द्यायची.

एक अडचण उरली होती. मूल एक वर्षाचं व्हायच्या आत, पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत दाखवावं असं मुलांचे दंतवैद्य सांगतात, पण आपल्याकडे दुधाचे तर आहेत, पडणारच आहेत, म्हणून कोणी आणत नाही. आता वर्षाच्या बाळाचे मोजणार काय? तर अपॉइंटमेंट कार्डाच्या मागे वीस गोल छापले, जेवढे दात तेवढे गोल मॅडम रंगवून देतात, आणि खाली दुसरी ओळ, दोन असले तरी या. एवढ्या लहान बाळाला खुर्चीत बसवतच नाहीत, आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळ आईच्या मांडीवर आणि डोकं डॉक्टरांच्या मांडीवर, मिनिटभरात काम होतं. मूल थोडं रडतं, चालतं, उलट तोंड उघडं मिळतं.

बोर्डाबद्दल धंद्यातल्या लोकांसाठी सांगते. बाहेरची लाइन चार इंची अक्षरात केली, साधारण इंचाला दहा फूट हा हिशोब, समोरच्या फुटपाथवरून आरामात वाचता येते. अक्षर गोलसर, एक टाइप या फॉन्ट बनवणाऱ्यांचं Baloo घेतलं, पण जाड वजनात नाही, कारण मागून एलईडी लागली की मात्रा आणि वेलांट्या प्रकाशात भरून जातात आणि मोजायचेचा काना मात्रा सगळा गोळा होतो. आत मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर एकही शब्द नाही, फक्त ते वीस गोल. आणि लाइन चालली की नाही हे कसं कळतं विचाराल, तर फोनवर. आया स्वतःहून म्हणायला लागल्या, ते दात मोजायला आणायचं होतं. आपली ओळ गिऱ्हाइकाच्या तोंडून परत आली की ती लागली.

आणि मग ती चोरली गेली. सहाएक महिन्यांत घोडबंदर रोडला एका दवाखान्यावर तीच लाइन, तोच शब्द, बोर्ड त्या टायवाल्याने केलेला. मी वकिलाकडे गेले. एवढ्या छोट्या ओळीला कॉपीराइट मिळत नाही म्हणाले, ट्रेडमार्क करता येतो, दवाखान्यांसाठी ४४ नंबरचा वर्ग आहे, पण अर्ज मॅडमच्या नावाने व्हायला हवा कारण वापरतात त्या, आणि ओळ नुसतं काम सांगणारी आहे म्हणून हरकत येऊ शकते. मॅडम म्हणाल्या राहू दे. मला अजूनही ते राहू देता येत नाही. कारण त्या दवाखान्यातून एक आई मॅडमकडे आली, मुलाला दात मोजायचे सांगून नेलं होतं आणि पहिल्याच दिवशी धरून फिलिंग केलं. ते मूल आता मोजायचं म्हटलं तरी तोंडावर हात ठेवतं. मॅडमना त्याच्यासाठी वेगळी सुरुवात करावी लागली, तो शब्दच टाळून, आधी त्याने मॅडमचे दात बघायचे. शब्द उचलले आणि त्यामागचं वागणं उचललं नाही की लहान पोराचं असं नुकसान होतं, ह्याचा मला खरोखर संताप आहे.

म्हणून तरुण बोर्डवाल्यांना सांगते, विचारलं नसलं तरी, लाइनचं बिल वेगळं लावा आणि लाइन द्यायच्या आधी गिऱ्हाइकाचं काम बसून बघा. आणि आईबाबांनो, दात नीट घासले नाहीस तर डॉक्टर टोचतील हे म्हणणं आजपासून बंद करा, आमची कुठलीही लाइन त्याच्यापुढे टिकत नाही.

मॅडम आता नेरुळला दुसरी शाखा काढतायत, तिथे दुसऱ्या डॉक्टर बसणार आहेत. त्यांनी लाइन लगेच लावा म्हणून निरोप पाठवला. मी म्हटलं आधी भेटू, पहिल्या दिवशी कीड दिसली तर तुम्ही काय करता ते मला बघायचंय. तोवर नेरुळच्या बोर्डावर नाव आणि वेळ एवढंच लावलंय, खाली लाइनची जागा मोजून मोकळी ठेवलीय.