तुम्ही विचारलंत म्हणून: हाफ-लाइफचं उत्तर ताडून पाहायचं कसं?

"सर, सूत्रात आकडे घातले की काहीतरी उत्तर येतंच. ते बरोबर आहे हे पुन्हा तेच गणित न करता कळेल का?"

कळेल, आणि त्याला कॅल्क्युलेटरही लागत नाही. हाफ-लाइफ किंवा अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सारी पदार्थ निम्मा उरायला लागणारा वेळ. दर अर्धायुष्याला निम्मं करत घड्याळाबरोबर पुढे जायचं.

परळच्या रुग्णालयांत स्कॅनसाठी रोज लागणारं टेक्नेशियम-९९एम घ्या. त्याचं अर्धायुष्य जवळजवळ ६ तास. सकाळी ८ वाजता कुपीत २० मिलिक्युरी किरणोत्सारिता आहे, तर संध्याकाळी ५ वाजता किती उरेल? सूत्र असं:

```
20 × e^(-0.693 × 9/6) = 7.07
```

आता सूत्र बाजूला ठेवा आणि वेळा लिहा. सकाळी ८ ला २०, दुपारी २ ला १०, रात्री ८ ला ५. आपले ५ वाजणं २ आणि ८ यांच्या बरोबर मध्ये येतं, म्हणजे उत्तर १० आणि ५ यांच्या आतच हवं. ७.०७ तिथे बसतं.

नेहमीच्या चुका इथे पकडल्या जातात. ०.६९३ घालायचं विसरलात तर उत्तर ४.४६ येतं. ते पाचाच्या खाली गेलं, पण रात्रीचे ८ अजून वाजलेले नाहीत. ९/६ ऐवजी ६/९ केलंत तर १२.६ येतं. दुपारी २ ला १० झालेलं ५ वाजता वाढेल कसं? उरलेल्याऐवजी क्षय झालेलं लिहिलंत तर १२.९३, तेही दहाच्या वर. ऋण चिन्ह गळलं तर आकडा विसाच्याही वर जातो, मग शंकाच नको. एककांचा घोळही असाच उघडा पडतो: फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं आहे, आणि तिथे वेळ तासांत घातलीत तर दिवसभरात फारसं काही घटतच नाही असं दिसेल.

पण एक चूक या पायऱ्यांमधून निसटते. पाच वाजणं मधोमध आहे म्हणून १० आणि ५ यांची सरासरी काढून ७.५ लिहिणारे पुष्कळ असतात, आणि ७.५ सुद्धा दोन पायऱ्यांच्या आतच बसतं. क्षय सुरुवातीला जोरात आणि मग सावकाश होतो, म्हणून मधल्या वेळेचं उत्तर सरासरीपेक्षा नेहमी कमी असतं. नेमकं हवं असेल तर पायरी अर्धी करा. पूर्ण अर्धायुष्याला २ ने भागतो, तर अर्ध्याला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने. १० ला १.४१४ ने भागलं की ७.०७. पाव अर्धायुष्याला १.१९ ने भागायचं: दुपारी ३.३० ला १०/१.१९, म्हणजे सुमारे ८.४. एवढे दोन भाजक पाठ असले की परीक्षेतलं बहुतेक कुठलंही उत्तर तोंडी ताडता येतं. ५ वाजता ७.०७ हवं असेल तर सकाळी किती ठेवायचं, असा उलटा प्रश्न आला तर त्याच पायऱ्या दुपटीने चढायच्या.

वेळ मोठी असेल तर दहा पायऱ्या एकदम घ्या. दहा वेळा निम्मं म्हणजे १/१०२४, ढोबळमानाने हजारावा भाग. टेक्नेशियमच्या दहा पायऱ्यांना ६० तास लागतात. शुक्रवारी संध्याकाळी ६ ला २० मिलिक्युरी कपाटात ठेवलं, तर सोमवारी सकाळी ६ ला सुमारे २० मायक्रोक्युरी उरेल. तुमच्या गणितात सोमवारचं उत्तर १ मिलिक्युरी आलं असेल तर ते चुकलंच.

या पडताळणीत तपासला जातो तो हिशेब, दिलेली माहिती नाही. अर्धायुष्यच चुकीचं घेतलं, समजा मॉलिब्डेनम-९९चे ६६ तास टेक्नेशियमला लावले, तर सूत्र आणि पायऱ्या दोन्ही एकमताने चुकतील. म्हणून आधी कोणतं समस्थानिक आहे ते पाहायचं, मग पेन उचलायचं.

शिवाय पदार्थ एकटा असेल तरच निम्म्याचा नियम चालतो. वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेकडून येणाऱ्या टेक्नेशियमच्या जनरेटरमध्ये मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम सतत नव्याने तयार होत असतं, त्यामुळे तिथलं टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होत नाही. बाहेर काढून कुपीत घेतलं की होतं. रुग्णाच्या शरीरातही हिशेब वेगळा. आयोडीन-१३१चं अर्धायुष्य ८ दिवसांचं, पण त्यातलं बरंच लघवीवाटे निघून जातं. म्हणून आठव्या दिवशी शरीरात निम्म्याहून कमी उरलेलं आढळलं, तर त्यात गणित चुकलेलं नसतं.