आमची वाटचाल : न आलेला बाजारभाव ओळखण्याचे काम

नाशिकमधील आमच्या छोट्या कंपनीचे काम थोडक्यात सांगता येते. जिल्ह्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यांतील बाजार समित्यांमध्ये दिवसभरात झालेल्या कांदा लिलावांची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर एकत्र करून रात्री साडेआठ वाजता ते शेतकरी उत्पादक कंपन्या, साठवणूकदार आणि निर्यातदार यांच्या मोबाइलवर पोचवायचे, हा आमचा व्यवसाय आहे. त्या संदेशावर पुढचे निर्णय अवलंबून असतात. चाळीतला उन्हाळ कांदा उद्या पहाटे ट्रॅक्टरमध्ये भरायचा की आठवडाभर थांबायचे, हे शेतकरी त्याच रात्री ठरवतो. म्हणून संदेश न पोचणे हे आमच्या दृष्टीने मोठे नुकसान असले, तरी कालचा दर आजचा म्हणून पोचणे हे त्याहून कितीतरी मोठे आहे.

ही माहिती आम्हाला एका पुरवठादाराकडून रोज सायंकाळी एका सीएसव्ही फाइलच्या रूपात मिळते. सुरुवातीच्या काळात फाइल आली आहे का आणि तिचा आकार शून्य तर नाही ना, एवढेच तपासले जात असे. अशा कामाची सुरुवात बहुतेक ठिकाणी याच तपासणीने होते. पुढे एका निर्यातदार ग्राहकाने करारात एक अट घालण्याचा आग्रह धरला : ज्या समितीचा दर त्या दिवशीचा नसेल, तिचे नाव साडेआठच्या आत स्वतंत्रपणे कळवले पाहिजे. ही अट आम्ही स्वीकारली आणि तेव्हापासून न आलेली माहिती वेळेत ओळखणे हाच आमच्या कामाचा गाभा झाला.

या अटीची पूर्तता करताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की रिकामी फाइल क्वचितच शून्य आकाराची असते. पुरवठादाराकडील प्रोग्रॅम आधी स्तंभांच्या नावांची ओळ लिहितो आणि नंतर नोंदी जोडतो. मूळ डेटाबेसमधून एकही नोंद मिळाली नाही, तर तो कोणतीही चूक न दाखवता फक्त शीर्षक ओळ असलेली फाइल पाठवून मोकळा होतो. फाइल असते, तिला आकार असतो, प्रोग्रॅम यशस्वी झाल्याची नोंद असते आणि दर मात्र एकही नसतो. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. आदल्या दिवशीच्याच नोंदी नव्या नावाने येतात आणि कधी कधी त्यांच्यावरील तारीखही बदललेली असते. म्हणून फाइल कधी आली याला आम्ही दुय्यम मानतो आणि आतील प्रत्येक नोंदीवरील लिलावाची तारीख वाचतो. त्यापुढे जाऊन आवक आणि तिन्ही दर आदल्या दिवसाच्या आकड्यांशी ताडून पाहतो. एखाद्या समितीचा सर्वसाधारण दर सलग दोन दिवस सारखा असू शकतो, परंतु अनेक समित्यांची आवक क्विंटलपर्यंत आणि तिन्ही दर रुपयापर्यंत जुळले, तर तो बाजाराचा योगायोग नव्हे, जुन्या नोंदींवर नवी तारीख चढली आहे, असेच आम्ही धरून चालतो.

अर्धवट फाइलचा प्रश्न मात्र लवकर सुटला. पुरवठादार आता फाइल तात्पुरत्या नावाने चढवतो आणि पूर्ण झाल्यावरच तिला अंतिम नाव देतो, त्यामुळे चढत असतानाच फाइल वाचली जाण्याची शक्यता उरलेली नाही.

खरी काळजी घ्यावी लागते ती पूर्ण फाइलमधून एखादीच समिती गळण्याच्या बाबतीत. आलेल्या नोंदी समितीनुसार मोजणारी साधी क्वेरी येथे उपयोगाची नसते, कारण ज्या समितीची एकही नोंद नाही तिची ओळ उत्तरात येतच नाही. तिच्यापुढे शून्य दिसत नाही, ती समितीच दिसेनाशी होते, आणि अहवाल पाहणाऱ्याला सर्व काही ठीक वाटते. म्हणून मोजणीची सुरुवात आलेल्या माहितीपासून न करता अपेक्षित समित्यांच्या यादीपासून करावी लागते.

```sql
SELECT e.market_code, e.auction_session
FROM expected_today e
LEFT JOIN rates r
  ON r.market_code = e.market_code
 AND r.auction_session = e.auction_session
 AND r.market_date = CURRENT_DATE
GROUP BY e.market_code, e.auction_session
HAVING COUNT(r.market_code) = 0;
```

यात दोन बारकावे आहेत. तारखेची अट `WHERE` मध्ये लिहिली, तर नोंद नसलेली समिती पुन्हा गाळली जाते, म्हणून ती जोडणीच्या अटीतच असली पाहिजे. तसेच `COUNT(*)` वापरल्यास जोडणीतून आलेली रिकामी ओळसुद्धा एक म्हणून मोजली जाते आणि इशारा कधीच निघत नाही. ज्या समित्यांत सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत लिलाव होतात, त्यांच्यासाठी अपेक्षित यादीत प्रत्येक सत्राची वेगळी ओळ ठेवली आहे, कारण केवळ सकाळच्या सत्राचा दर आला तरी वरवर पाहता समिती हजर असल्याचाच भास होतो.

उशीर कशाला म्हणायचे, हे ठरवणे त्याहून अवघड होते. उन्हाळ कांद्याच्या ऐन हंगामात आवक वाढते, लिलाव लांबतात आणि माहितीही उशिरा येते. मंदीच्या महिन्यांत तीच समिती सात वाजताच मोकळी होते. म्हणून प्रत्येक समितीच्या मागील सहा आठवड्यांच्या आगमनवेळा घेऊन, शंभरातील पंच्याण्णव वेळा ज्या वेळेच्या आत माहिती आली ती वेळ आम्ही तिची मुदत मानतो. मात्र अशा आपोआप ठरणाऱ्या मुदतीत एक धोका असतो. पुरवठादार दर आठवड्याला थोडा थोडा उशीर करू लागला, तर मुदतही त्याच्या मागे सरकत जाते आणि इशारा कधीच वाजत नाही. त्यावर उपाय म्हणून कोणतीही मुदत रात्री आठ वाजून दहा मिनिटांच्या पुढे जाणार नाही, अशी कमाल मर्यादा घातली आहे. ती वेळ संदेशाच्या वेळेपासून मागे मोजलेली आहे, कारण दूरध्वनीवरून खातरजमा करायला आणि संदेशाचा मजकूर बदलायला आम्हाला वीस मिनिटे लागतात.

या सर्व रचनेची कसोटी सप्टेंबर २०२३ मध्ये लागली. केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावल्यानंतर ऑगस्टमध्येच काही दिवस लिलाव विस्कळीत झाले होते, आणि पुढे २० सप्टेंबरपासून नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलावांत सहभागी न होण्याचा निर्णय घेतला. त्या सायंकाळी जिल्ह्यातील बहुतेक समित्यांच्या नोंदी आल्या नाहीत. ती अनुपस्थिती खरी होती, कारण लिलावच झाले नव्हते. परंतु संगणकाला बंद पडलेला बाजार आणि तुटलेली जोडणी यांतील फरक आपोआप कळत नाही.

फरक कळतो तो गैरहजेरीच्या आकारावरून. त्या दिवशी नाशिकच्या समित्या एकत्र गायब होत्या आणि इतर जिल्ह्यांतील समित्यांचे दर नेहमीच्या वेळी व नेहमीच्या संख्येने आले होते, म्हणजे पुरवठादाराची यंत्रणा चालू होती. सर्वच जिल्हे एकदम शून्यावर आले असते, तर संशय आमच्या किंवा पुरवठादाराच्या जोडणीवर गेला असता. एकटीच समिती गळाली असती, तर तिच्या सांकेतिक क्रमांकात काही बदल झाला आहे का, हे प्रथम पाहिले असते. या अनुमानानंतरही आम्ही दूरध्वनीवरून खात्री केली आणि त्या समित्यांपुढे दराच्या जागी ‘लिलाव बंद’ असे लिहिले. शून्य दर असे लिहिण्यास मी आरंभापासून ठाम विरोध केला आहे, कारण शून्य ही किंमत आहे आणि बंद ही स्थिती आहे. शून्य एकदा सरासरीत शिरले, की महिन्याचा आलेख खोटा होतो.

बंदच्या काळात आणखी एक निर्णय घ्यावा लागला. रोज वाजणारा इशारा त्रासदायक असल्याने तो बंद संपेपर्यंत थांबवावा, असे आमच्या तंत्रज्ञ सहकाऱ्याने सुचवले होते. ‘साहेब, रोज तेच उत्तर देण्यात काय अर्थ आहे?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तरीही ‘बंद’ ही खूण एका वेळी एकाच दिवसापुरती लावायची आणि दुसऱ्या दिवशी खातरजमा करूनच पुन्हा लावायची, असा नियम आम्ही केला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लिलाव पूर्ववत सुरू झाले, तेव्हा त्याचा उपयोग दिसला. एका समितीचे लिलाव सुरू झाले होते, पण तिची माहिती पुरवठादाराकडून येत नव्हती. खूण आपोआप संपलेली असल्याने इशारा त्याच सायंकाळी वाजला. इशारा बेमुदत थांबवला असता, तर बाजार चालू आणि आमच्या संदेशात बंद, अशी स्थिती कितीही दिवस राहू शकली असती.

साप्ताहिक सुट्ट्या, सण आणि ज्या समित्यांत अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची प्रथा आहे त्यांच्या अमावास्या, हे सर्व अपेक्षित यादीच्या दिनदर्शिकेत आधीच भरलेले असते. तिची उलट तपासणीही होते : सुट्टी म्हणून नोंदवलेल्या दिवशी एखाद्या समितीचा दर आला, तर सौम्य सूचना निघते, कारण एक तर दिनदर्शिका चुकीची असते किंवा दर जुना असतो.

इशाऱ्याचा मजकूर कसा असावा, यावर आम्ही बराच विचार केला. ‘डेटा त्रुटी’ एवढेच वाचून रात्री आठ वाजता कोणालाही काही करता येत नाही. सध्याचा मजकूर साधारण असा असतो : ‘समिती ७, दुपारचे सत्र : आज नोंद नाही. शेवटची नोंद काल ७.२५ वाजता. जिल्ह्यातील इतर समित्या पूर्ण. रात्रीच्या संदेशातून हा दर वगळला आहे.’ शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण सुरक्षित कृती आधीच झालेली आहे हे त्यातून कळते. एका घटनेचा एकच इशारा निघतो, दहा मिनिटांत तो कोणी स्वीकारला नाही तर दुसऱ्या सहकाऱ्याला दूरध्वनी जातो, आणि माहिती आल्यावर घटना मिटल्याचा संदेश येतो.

तपासणी करणारा सर्व्हरच बंद पडला, तर इशारा कोण देणार, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी तपासणी पूर्ण झाली की ती दुसऱ्या ठिकाणच्या, वेगळ्या इंटरनेट जोडणीवरील यंत्राला हजेरी कळवते. आठ वाजून वीस मिनिटांपर्यंत ही हजेरी लागली नाही, तर ते यंत्र स्वतःहून आम्हाला दूरध्वनी करते. दर महिन्याला एकदा चाचणीच्या प्रणालीत फक्त शीर्षक ओळ असलेली फाइल मुद्दाम टाकून ही सगळी साखळी वाजते की नाही, हे आम्ही पाहतो.

लहान उपबाजारांसाठी मात्र ही पद्धत अजून पुरी पडत नाही. तेथे आठवड्यातून दोन-तीनदाच आणि तेही आवकेनुसार लिलाव होतात, त्यामुळे रोजची मुदत लावली तर खोटे इशारेच अधिक वाजतात. त्यांच्यासाठी सध्या मागील नोंदींमधील सर्वांत मोठा नेहमीचा खंड पाहून, त्याहून एक दिवस अधिक गेला की चौकशी करायची, असा नियम लावला आहे. यात एखादी गळालेली नोंद दोन-तीन दिवस उशिरा कळते. म्हणून अशा उपबाजारांच्या दरासमोर लिलावाची तारीख आम्ही संदेशातच छापतो, जेणेकरून तो दर किती जुना आहे हे शेतकऱ्याला गाडी भरण्याआधी दिसते.