गॅदरिंगच्या फोटोखाली काय लिहायचं?

"ताई, बहिणीच्या मुलाचा गॅदरिंगचा फोटो आला की मी आपलं 'सो क्यूट' लिहून मोकळी होते. पण त्याच्या मेहनतीचं कौतुक होईल आणि आईबाबांनाही बरं वाटेल असं नक्की काय लिहायचं?"

आधी फोटो झूम करून बघायचा, लिहायचं नंतर. मी प्राथमिकला शिकवते, दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडे प्रॅक्टिस सुरू होते, त्यामुळे स्टेजवरच्या त्या चार मिनिटांमागे काय काय असतं ते रोज डोळ्यासमोर असतं, आणि त्यातलं बरंचसं फोटोत दिसतं पण! फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

परवाचंच सांगते. माझ्या मामेबहिणीचा मुलगा तिसरीत आहे, आपण त्याला ओजू म्हणू. त्यांच्या शाळेचं गॅदरिंग झालं, तिने फोटो टाकला, लेझीमचा. वीसेक मुलं, फेटे, कमरेला शेला, आणि ओजू शेवटच्या रांगेत डावीकडून दुसरा, अर्धा चेहरा पुढच्याच्या फेट्यामागे. खाली धडाधड कमेंट्स, सुपरस्टार, किती गोड, एका आत्याबाईंनी लिहिलं दृष्ट काढ गं त्याची. प्रेमच आहे सगळं, पण ते कुठल्याही मुलाच्या कुठल्याही फोटोखाली चाललं असतं, ओजूने त्या दिवशी काय केलं ते त्यात कुठेच नाही.

आता मी काय बघितलं ते सांगते. लेझीमची साखळी ताणली की झांजा वाजतात, म्हणजे उघडायची वेळ चुकली तर आवाज फुटतो आणि सगळ्यांना कळतं. फोटोत पुढच्या रांगेतल्या मुलांचं लेझीम उघडलेलं, साखळी ताठ, हात छातीपाशी, गुडघे वाकलेले. आणि मागे ओजूचंही अगदी तस्संच, त्याच उंचीला. त्याच्या शेजारच्याचं अजून मिटलेलंच होतं. दुसरं म्हणजे नजर. गॅदरिंगमध्ये बाई विंगेत किंवा स्टेजच्या खाली पुढे अंधारात उभ्या राहून स्टेप्स करून दाखवत असतात, म्हणून बहुतेक फोटोंत निम्मी मुलं एकाच कोपऱ्यात बघत असतात, तुम्ही तुमच्याकडचे जुने फोटो काढून बघा. ओजू सरळ समोर बघत होता. म्हणजे त्याला स्टेप्स पाठ होत्या.

आता समोर बघणारं मूल कधीकधी नुसतं आईला शोधत असतं, म्हणून एका फोटोवर ठरवायचं नाही. मी कमेंट टाकायच्या आधी बहिणीला पर्सनलवर एकच विचारलं, अगं याला यातलं सगळ्यात जड काय गेलं? ती लगेच सुरू झाली. बसून उठायची स्टेप होती, उठताना त्याचा ताल सुटायचा, साखळीत बोट चिमटायचं, रोज रात्री जेवण झाल्यावर हॉलमध्ये खालच्या काकूंना आवाज जाऊ नये म्हणून चटई घालून करायचा. मुलुंडहून ऑफिसला जाऊन येऊन ती आठ वाजता घरी पोचते, आणि तरी एकदोनतीनचार मोजायला तीच बसायची. हे एका प्रश्नाने मिळतं. आणि खरं सांगू, आईला अर्धं बरं तर इथेच वाटतं, कारण हे तिला कोणी विचारलेलंच नसतं.

मग मी लिहिलं: "ओजू, तुझं लेझीम पुढच्या रांगेबरोबर एकदम उघडलंय, मी झूम करून बघितलं! बसून उठायची स्टेप रोज रात्री करत होतास ना, ती जमली. आईने मोजायला साथ दिली, तिलाही शाबासकी. भेटलास की मला ती स्टेप शिकव. - मावशी"

बस, एवढंच. यात "खूप मेहनत घेतलीस" असं मी मुद्दाम लिहिलं नाही, कारण नुसतं तेवढं वाक्य मुलाला खरं वाटत नाही, त्याला माहीत असतं की मावशी प्रॅक्टिसला नव्हती. मेहनत नेमकी कशात गेली ते सांगितलं की ते आपलं वाटतं. आईचं एकच वाक्य ठेवलं आणि तेही मुलाच्या नंतर, नाहीतर कमेंट आईचीच होते आणि पोर बाजूला राहतं.

मोठमोठे शब्द मी का टाळते तेही सांगते. नेदरलँड्समधल्या एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २०१४ मध्ये छापून आला. मुलांना व्हॅन गॉगचं एक फुलांचं चित्र बघून काढायला दिलं आणि नंतर एका चित्रकाराची म्हणून चिठ्ठी दिली, काहींना "सुंदर चित्र काढलंस", काहींना "अफाट सुंदर चित्र काढलंस", काहींना कौतुकच नाही. मग पुढे सोपी चित्रं काढणार की अवघड, ते त्यांच्यावर सोडलं. ज्या मुलांचा स्वतःवर विश्वास कमी होता त्यांनी "अफाट" वाचल्यावर सोपी चित्रं निवडली. विश्वास भरपूर असलेल्या मुलांचं उलट झालं, त्यांनी अवघड घेतली. म्हणजे सुपरस्टार हा शब्द सगळ्यांनाच मारक आहे असं नाही, पण शेवटच्या रांगेतलं घाबरट पोर असेल तर त्याच्या डोक्यावर पुढच्या वेळीही सुपरस्टार व्हायचं ओझं येतं, आणि आपल्याला कुठे माहीत असतं कोणाचं मन कसं आहे. त्या चिठ्ठ्याही लिहिलेल्याच होत्या, आपल्या कमेंटसारख्याच, म्हणून हा प्रयोग मला फार जवळचा वाटतो.

काही वाक्यं मात्र प्रेमाने लिहिली तरी टोचतात. "पुढच्या वर्षी पुढच्या रांगेत दिसायला पाहिजेस", "आता अभ्यासातही असाच चमक", "आमच्या पिंकीचा पण सोलो होता". रांगा बहुतेक उंचीवर लागतात हो, पुढे छोटी, मागे उंच, त्याचा नाचाशी संबंध नसतो! पण आईला वाचताना वाटतं की आपलं पोर मागे पडलं. आणि शाळेचं नाव, इयत्ता, कुठे राहतो हे कमेंटमध्ये घालू नका, बहिणीने पोस्टमध्ये लिहिलं नसेल तर नाहीच, तिने विचार करूनच ते वगळलेलं असतं.

एक अवघड केस राहते. मूल स्टेजवर गोठलं, स्टेप विसरलं, रडलं, आणि आईने तरीही फोटो टाकला. तिथे "मस्त नाचलास" लिहिलं तर पोराला कळतं की हे खोटं आहे. मी अशा वेळी जे खरोखर घडलं तेच लिहिते, "एवढ्या लाइटमध्ये, एवढ्या लोकांसमोर शेवटपर्यंत आपल्या जागेवर उभी राहिलीस." ते घडलंच नसेल, म्हणजे मध्येच विंगेत पळाली असेल, तर मेहनतीचं कमेंटमध्ये काहीच नाही, फक्त एक हार्ट, आणि संध्याकाळी बहिणीला फोन.