पोर्टल पद्धत आणि मधल्या कॉलमचा दुप्पट शिअर : माझा अनुभव

आडव्या भाराखालची फ्रेम हाताने सोडवायची पोर्टल पद्धत शिकताना आपण सगळे एक वाक्य पाठ करतो: कडेच्या कॉलमला शिअरचा एक वाटा, मधल्या कॉलमला दोन. परीक्षेतल्या फ्रेमचे गाळे बहुतेक वेळा सारखे असतात, त्यामुळे हे दोन वाटे आले कुठून असा प्रश्न कुणाला पडत नाही. माझ्यापुढे आलेल्या फ्रेमचा एक गाळा ६ मीटरचा आणि दुसरा ४ मीटरचा होता. काम तसं छोटंच होतं. वाऱ्यासाठी सॉफ्टवेअरने दिलेले आकडे पटण्यासारखे आहेत का, हे हाताने तपासायचं. ऑफिसातल्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "आधी हाताने कर, मग प्रिंटआउट उघड. उलट केलंस तर तुझं उत्तर आपोआप त्याच्याकडे झुकेल."

फ्रेम तीन मजली, कॉलम तीन. डावीकडचा अ, मधला ब, उजवीकडचा क. अ ते ब ६ मीटर, ब ते क ४ मीटर. तळमजल्याची उंची ४ मीटर, वरच्या दोन्ही मजल्यांची ३ मीटर. वारा डावीकडून. त्याचा भार छताच्या पातळीवर २० किलोन्यूटन आणि खालच्या दोन स्लॅबच्या पातळीवर प्रत्येकी ४०. कॉलम पायाशी फिक्स्ड धरलेले.

काटेकोर सोडवायची तर ही फ्रेम १८ अंशांनी इनडिटर्मिनेट आहे. पोर्टल पद्धत त्यातून वाट काढते ती गृहीतकांच्या जोरावर. प्रत्येक बीमच्या आणि प्रत्येक कॉलमच्या मध्यावर मोमेंट शून्य आहे, म्हणजे तिथे जणू हिंज आहे असं धरायचं, आणि मजल्यावरचा शिअर कॉलममध्ये ठरावीक प्रमाणात वाटायचा. हिंज धरायला कारणही आहे. आडव्या भाराखाली बीम आणि कॉलम इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, आणि वाक जिथे बाजू बदलतो तिथे मोमेंट शून्य असतो. ती जागा मध्याच्या आसपास येते. अगदी मध्यावर येते ही आपली सोय.

सुरुवात वरून. कुठल्याही मजल्याचा शिअर म्हणजे त्या मजल्याच्या वर असलेल्या सगळ्या आडव्या भारांची बेरीज. वरच्या मजल्यावर २०, मधल्यावर ६०, तळमजल्यावर १००. एकास दोनास एक या वाटणीने तळमजल्याच्या कॉलमना २५, ५० आणि २५ किलोन्यूटन आले. मधल्या मजल्यावर १५, ३०, १५ आणि वर ५, १०, ५.

कॉलमचा मोमेंट म्हणजे शिअर गुणिले अर्धी उंची. तळमजल्यावर अ आणि क कॉलमला ५० किलोन्यूटन-मीटर, ब ला १००. मधल्या मजल्यावर २२.५, ४५, २२.५. मग पहिल्या स्लॅबच्या पातळीवरचा अ जोड घेतला. तिथे वरच्या कॉलमचे २२.५ आणि खालच्या कॉलमचे ५० येतात, आणि हे ७२.५ पेलायला एकच बीम आहे. बीमच्या मध्यावर हिंज असल्यामुळे त्याच्या दुसऱ्या टोकालाही ७२.५ च. उजवीकडून क पासून आलं तरी तेच: ४ मीटरच्या बीमच्या दोन्ही टोकांना ७२.५.

इथे मी जरा थांबलो, कारण ब जोडावरचे मोमेंट मी अजून मोजलेच नव्हते आणि तरी तिथे येणाऱ्या दोन्ही बीमचे आकडे ठरून गेले होते. डावीकडून ७२.५, उजवीकडून ७२.५, मिळून १४५. आता कॉलमच्या बाजूने पाहिलं: वरून ४५, खालून १००, बेरीज १४५. जोड तोलात आहे. दुप्पट वाट्याचं कारण ते हेच. बीमच्या मध्यावर हिंज धरला की दोन गाळ्यांच्या फ्रेममध्ये मधल्या कॉलमने दोन्ही कडेच्या कॉलमच्या बेरजेइतका शिअर घ्यावाच लागतो, नाहीतर मधला जोड तोलात राहत नाही. तीन कॉलमना सारखा शिअर देऊन पाहिलं, म्हणजे तळमजल्यावर प्रत्येकी ३३.३ आणि मधल्या मजल्यावर २०, तर कॉलमचे मोमेंट ६६.७ आणि ३० येतात. बीम मधल्या जोडावर दोन्हीकडून प्रत्येकी ९६.७ आणतात, आणि तिथे कॉलम मात्र दोन्ही मिळून तेवढेच ९६.७ देतात. निम्म्याचा फरक पडतो.

अठरा अज्ञातांना आपण प्रत्यक्षात २१ गृहीतकं लावतो: १५ हिंज आणि दर मजल्याला शिअरची दोन प्रमाणं. वरची तीन म्हणजे तीन स्लॅबच्या पातळीवरचे तीन मधले जोड. शिअरची वाटणी बरोबर असेल तर ते आपोआप तोलात येतात. पडताळणी फुकटात मिळते, आणि ती करायची बरेच जण विसरतात.

आता बीमचा शिअर. टोकाचा मोमेंट भागिले अर्धा गाळा. ६ मीटरच्या बीममध्ये ७२.५ भागिले ३, म्हणजे २४.१७. ४ मीटरच्या बीममध्ये ७२.५ भागिले २, म्हणजे ३६.२५. वरच्या दोन पातळ्यांवर मोठ्या बीममध्ये २.५ आणि १०, लहान बीममध्ये ३.७५ आणि १५. कॉलममधलं अक्षीय बल म्हणजे याच शिअरची वरून खाली केलेली बेरीज. अ वाऱ्याच्या बाजूला, म्हणून त्यात ताण: पायाशी ३६.६७. क मध्ये दाब: ५५. मधल्या ब मध्ये दोन बाजूंच्या शिअरचा फरक उरतो, १८.३३, आणि तोही ताण.

हा ब मधला ताण मला पटेना. सारख्या गाळ्यांत मधल्या कॉलमचं अक्षीय बल शून्य येतं. मॅडमना दाखवलं तर त्यांनी विचारलं, "वाटणी एक-दोन-एक का धरलीस?" पुस्तकात तसंच आहे, असं म्हणणार तेवढ्यात त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात दोन वेगळ्या कमानी काढल्या, एक रुंद, एक अरुंद, एकमेकींना खेटून. पद्धतीचं नाव पोर्टल पडलं ते यावरून. दोन दारांच्या चौकटी शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि मधले दोन खांब एकत्र बांधले, की मधल्या खांबाकडे दोन्ही चौकटींचा वाटा येतो. चौकटी सारख्या असतील तर तो वाटा दुप्पट. एक रुंद, एक अरुंद असेल तर भारही गाळ्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाटायचा.

म्हणजे प्रत्येक कॉलमच्या वाट्याला येणारी रुंदी मोजायची: अ ला ३ मीटर, ब ला ३ अधिक २ म्हणजे ५, क ला २. तळमजल्यावर शिअर ३०, ५०, २०. मधल्याला निम्मा वाटा आहेच, त्यामुळे मधले जोडही तोलात. पुन्हा सगळं मांडलं. पहिल्या पातळीवर मोठ्या बीमच्या टोकाला ८७, लहान बीमच्या टोकाला ५८. अर्ध्या गाळ्याने भागलं तर दोन्हीकडे शिअर २९. सगळ्या पातळ्यांवर असंच होतं, म्हणून ब मध्ये अक्षीय बल शून्य, अ मध्ये ४४ ताण आणि क मध्ये ४४ दाब.

दोन्ही वाटण्यांतली बरोबर कुठली, हे समतोलाने ठरत नाही. पायाभोवती वाऱ्याचा एकूण मोमेंट ४० गुणिले ४, ४० गुणिले ७ आणि २० गुणिले १० यांची बेरीज, म्हणजे ६४०. पहिल्या वाटणीत पायाशी कॉलमचे मोमेंट मिळून २००, आणि क भोवती अक्षीय बलांचे ३६.६७ गुणिले १० अधिक १८.३३ गुणिले ४, म्हणजे ४४०. एकूण ६४०. दुसरीत पायाशी ६०, १०० आणि ४० मिळून २००, आणि ४४ गुणिले १० म्हणजे ४४०. पुन्हा ६४०. समतोल दोन्हीत चोख. ही बेरीज जुळली नाही तर कुठेतरी अंकगणित घसरलं आहे एवढं नक्की, पण ती जुळली म्हणजे गृहीतक खरं ठरलं असं नाही. खरी वाटणी कॉलम आणि बीमच्या जाडी-रुंदीवर अवलंबून असते आणि पोर्टल पद्धत ती पाहतच नाही. क कॉलम अ इतकाच जाड असेल तर त्याला २० ऐवजी २५ च्या जवळपास शिअर येणं मला जास्त पटतं; म्हणून मी कागदावर दोन्ही ठेवले.

मग प्रिंटआउट उघडलं. शिअर या दोन वाटण्यांच्या आसपासच होते. मोमेंटमध्ये मात्र एक ठरावीक फरक होता: तळमजल्याच्या कॉलमचा पायाशी मोमेंट माझ्यापेक्षा जास्त, वरच्या टोकाला कमी. याचं कारण शोधायला दूर जावं लागत नाही. खालचं टोक पायात घट्ट धरलेलं आहे, वरचं टोक बीमच्या जोरावर. आणि बीम थोडा वळतो, त्यामुळे शून्य मोमेंटची जागा मध्याच्या वर सरकते. ती उंचीच्या ०.६ वर, म्हणजे पायापासून २.४ मीटरवर धरून पाहिली. ब कॉलमला पायाशी १०० ऐवजी १२० आणि वर ८० आले. पहिल्या पातळीच्या बीमचं टोक ७२.५ वरून ६२.५ वर उतरलं. म्हणजे सरळ मध्य धरला तर बीम सुरक्षित बाजूला राहतो, पायाचा मोमेंट मात्र कमी मोजला जातो.

कागद परत देताना मॅडमनी विचारलं, "पाया खरंच फिक्स्ड आहे?" ड्रॉइंगमध्ये छोटे सुटे फुटिंग होते आणि माती मऊ. म्हणून अगदी उलटी शक्यताही तपासली: पायाशीच हिंज. आता तळमजल्याच्या मध्यावर हिंज धरायचा नाही, पूर्ण ४ मीटरची भुजा. एक-दोन-एक वाटणीत अ कॉलमच्या वरच्या टोकाला २५ गुणिले ४ म्हणजे १००, आणि बीमच्या टोकाला ७२.५ च्या जागी १२२.५. पायाशी मोमेंट उरत नाही, त्यामुळे सगळे ६४० अक्षीय बलांवर येतात आणि क मधला दाब ५५ वरून ८० वर जातो. वारा उजवीकडून आला की हेच आकडे उलट्या चिन्हाने, त्यामुळे क मध्ये ८० चा ताण, म्हणजे त्याचं फुटिंग वर ओढलं जातं. त्या दिवशी फाउंडेशन करणाऱ्याकडे मी ५५ आणि ८० हे दोन्ही आकडे पाठवले आणि क कॉलमवर कायमचा भार किती येतो ते विचारलं.