नावाच्या रकान्यानं अडवलेली बैठक : ब्रेनरायटिंगचा माझा अनुभव

ब्रेनरायटिंग म्हणजे बैठकीत बोलण्याआधी सगळ्यांनी आपापल्या सूचना कागदावर लिहायच्या. आधी त्यासाठी मिळालेल्या फॉर्मवरच बोलते, कारण डोकं अजून तिथंच तापतं. आडवा ए-फोर कागद, तीन रकाने, सहा ओळी, म्हणजे अठरा खण. एकेक खण काडेपेटीएवढा. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात 'सूचना देणाऱ्याचे नाव व सही'. मोठ्या आवाजाच्या माणसानं बैठक खाऊ नये म्हणून काढलेली पद्धत, आणि तिच्या फॉर्मवर पहिली विचारणा कशाची, तर नावाची!

आमचा शेतकरी गट यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला. मी गटाची सचिव. तूर शेंगेवर आली की रानडुकरं एका रात्रीत वावर लोळवून जातात, आणि जागलीला जावं तर वाघाची धास्ती. बैठकीत हा विषय निघाला की बोलणारे एकच, आमचे काकाजी. माजी सरपंच. माणूस वाईट नाही, पण एकदा सुरू झाले की वन खात्यापासून मुंबईपर्यंत सगळ्यांचा समाचार घेऊनच थांबतात. तोवर बाकीच्यांनी मनात जुळवलेलं विसरून गेलेलं असतं. दाराशी बसलेल्या बायका तर तोंडही उघडत नाहीत.

हे फक्त आमच्या गावचं दुखणं नाही. १९५८ साली अमेरिकेत येल विद्यापीठात चार-चार जणांच्या टोळ्या करून पाहिलं होतं. एकत्र बसून बोलणाऱ्या चौघांपेक्षा वेगवेगळं बसून विचार केलेल्या चौघांच्या सूचना गोळा केल्या, तर त्या बऱ्याच जास्त भरल्या. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोन मानसशास्त्रज्ञांनी याचं मोठं कारण शोधलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं हातचं जातं. लिहायला मात्र सगळ्यांना एकाच वेळी येतं. म्हणून आधी गुपचूप लिहायचं, बोलायचं नंतर. १९६८ मध्ये जर्मनीच्या बेर्न्ड रोरबाख यांनी याला नेमका साचा दिला, सहा-तीन-पाच. सहा माणसं, प्रत्येकानं तीन सूचना, पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे. त्यानं वरचं वाचायचं आणि खालच्या ओळीत त्यावर आपली भर घालायची. सहा फेऱ्या म्हणजे अर्ध्या तासात सहा कागदांवर मिळून १०८ सूचना. आम्हाला या पद्धतीचं प्रशिक्षण देणाऱ्या कार्यालयानं हाच साचा छापून दिला होता, वर नावाचा रकाना स्वतःकडून जोडून.

पहिल्या बैठकीत आम्ही फॉर्म आहे तसाच वाटला. समाजमंदिरात सतरंजीवर सहा-सहा जणांचे दोन गोल. पाच मिनिटं संपली, कागद सरकले, आणि मी डोकावून पाहिलं तर एकाखाली एक तेच: 'शासनाने कुंपण द्यावे.' 'शासनाने मोबदला वाढवावा.' 'काकाजी म्हणतात ते बरोबर.' हे शेवटचं खरंच लिहिलेलं होतं, सहीसकट.

बाजूला घेऊन एकाला विचारलं, काऊन हो भाऊ, घरी तर तुम्ही वेगळंच सांगत होते. तो म्हणाला, "ताई, माह्यं नाव लिवलं अन् काकाजीनं वाचलं, तं पेरणीले ट्रॅक्टर कोन देईन मले?" झालं. कागद गप्प असला तरी त्यावरची सही बोलते. ज्याच्या ट्रॅक्टरवर, ज्याच्या विहिरीच्या पाण्यावर आपलं चालतं, त्याच्या मताविरुद्ध सहीनिशी कोण लिहील?

मी कार्यालयात फोन केला की वरचा रकाना रिकामा ठेवू का. उत्तर आलं, नाव-सहीशिवाय फॉर्म धरला जाणार नाही, प्रशिक्षणाचा पुरावा तोच. मी म्हटलं, पुरावा हजेरीपटात आहे, सगळ्यांच्या सह्या आहेत तिथं. "मॅडम, फॉर्म म्हणजे फॉर्म." नंतर प्रत्यक्ष गेले तर साहेब दौऱ्यावर, आणि टेबलवाल्या बाबूनं आमचे कोरे रकाने लाल पेननं गोल करून परत दिले. सूचना काय आहेत ते एकानंही वाचलं नाही. तूर भरत होती, डुकरं रोज येत होती, आणि आम्ही रकान्याच्या मागे.

शेवटी दोन्ही कामं वेगळी केली. कार्यालयासाठी हजेरीपट, आणि फॉर्मवर नावाच्या जागी गटाचं नाव, गटाचा शिक्का, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. त्यात बैठक झाल्यावर आम्हीच निवडक सूचना उतरवून दिल्या. ते त्यांनी मुकाट्यानं घेतलं! कोणाला अशीच अडचण असेल तर वाद घालू नका, आधीच हे करा.

खरी बैठक कोऱ्या कागदावर झाली. ए-फोरचे दोन तुकडे, म्हणजे लिहायला ऐसपैस जागा. सगळ्यांना निळेच पेन, कारण गावात कोणाचा पेन कुठला हेही ओळखतात. अक्षरही ओळखू येतं, त्याला पूर्ण इलाज नाही. पण वाचून दाखवणारा एकच असला आणि लिहून झाल्यावर कागद कोणाच्या हाती गेले नाहीत तर बरंच झाकलं जातं. वाचायला आम्ही बारावीतला एक पोरगा बसवला. कोणाच्या घरचं ते त्याला कळलं असेल, पण तो सगळं एकाच सुरात वाचत गेला.

पाच मिनिटांचा काटाही आम्ही काढून टाकला. पेन रोज हातात धरणाऱ्याला पाच मिनिटं पुरतात. आमच्यात एकाची तिसरी सूचना होते तेव्हा दुसऱ्याची पहिली ओळ चाललेली असते. मग हळू लिहिणाऱ्याकडे कागद तुंबतात, रिकामा बसलेला शेजारी बोलायला लागतो, आणि तो बोलला की काकाजींना तोंड फुटतं. यावर जुना तोडगा आहे. जर्मनीत फ्रँकफर्टच्या बॅटेल या संशोधन संस्थेतल्या लोकांनी गोलात कागद फिरवण्याऐवजी मधोमध ढीग ठेवायची रीत काढली होती. आपलं लिहून झालं की कागद मध्ये टाकायचा, तिथला दुसऱ्याचा उचलायचा, वाचून भर घालायची, परत टाकायचा. कोणी कोणासाठी थांबत नाही. आम्ही प्रत्येक गोलात मध्ये एक सूप ठेवलं. दुसरा फायदा असा की उचललेला कागद कोणाचा हेही कळत नाही. गोलात मात्र तो डावीकडच्याचाच असतो.

आमच्यातल्या दोघी बायांना लिहिता येत नाही. त्यांच्यासाठी शाळेतली एक पोरगी ओट्यावर बसवली, त्यांनी सांगायचं, तिनं लिहायचं. लिहिणारा घरचा नको, हे ध्यानात ठेवा. सून लिहिणार असेल तर सासूच्या तोंडून वेगळंच निघतं.

प्रश्न फळ्यावर एकच ओळ होता: 'नाल्याकडच्या वावरांतली तूर या हंगामात डुकरांपासून कशी वाचवायची, आपल्या हातानं आणि आपल्या पैशानं?' शेवटचे शब्द मुद्दाम घातले. नाहीतर पुन्हा सगळे कागद शासनाच्या दारात जाऊन उभे राहिले असते.

काकाजींनी सुरुवातीला कुरकुर केली, "शाळेतल्यावानी लिवाले लावता का आमाले?" मग तेही लिहायला लागले, आणि पंधरा-वीस मिनिटं समाजमंदिरात पंख्याचाच आवाज. मला गंमत वाटली ती याची की त्यांनीही चांगलं लिहिलं होतं, बोलताना जे कधी सापडलं नसतं.

एक कागद इथं देते, कारण पद्धत काय करते ते त्यात दिसतं. पहिल्या ओळीत: 'सगळ्यांनी झटका मशीन घ्यावी.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात: 'एकट्यानं तार लावली की डुकरं बाजूच्याच्या वावरात जातात. नाल्याच्या काठानं एकच तार लावा.' त्याखाली: 'खालच्या तारेला गवत टेकलं की झटका उतरतो. गवत कोण काढणार ते आधी ठरवा.' त्याखाली: 'माझं वावर नाल्यापासून दूर. मी वर्गणी का देऊ?' आणि सगळ्यात खाली: 'वर्गणी एकरावर. दूरच्यानं कमी द्यावी. नाल्याजवळच्यानं गवत काढावं.' पाच हातांनी मिळून एक योजना झाली होती. तोंडी बैठकीत ती दूरच्या वावराच्या प्रश्नावरच फुटली असती, कारण तो विचारणाऱ्याला लगेच स्वार्थी म्हटलं असतं. गवताची ओळ ओट्यावरून आली होती. निंदणाला बायाच जातात, तारेखाली काय होतं ते त्यांनाच माहीत.

आकडा सांगायचा तर १०८ च्या जवळपासही गेलो नाही. पुष्कळ सूचना सारख्याच निघाल्या, आणि दोन-तीनदा कागद हातात आल्यावर लोक नुसतं 'बरोबर' लिहायला लागले. नवीन काही न येता 'बरोबर' वाढू लागलं की लिहिणं थांबवा, मिनिटं मोजत बसू नका.

निनावी लिहिण्याचा धोकाही दिसला. एका कागदावर होतं: 'सरळ लाईनचा करंट सोडा.' आपल्या भागात अशा तारेनं माणसं मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे. झटका मशीन थांबूनथांबून क्षणभराचा हिसका देते, लाईनचा करंट धरून ठेवतो. असं काही निघालं की ते मतदानाला ठेवायचं नाही, तिथंच मोठ्यानं वाचून, कारण सांगून काढायचं. आम्ही काढलं, कोणी लिहिलं ते विचारलं नाही.

नंतरचं पटकन झालं. सूचना वाचल्या, अर्थ कळला नाही तेवढंच विचारायचं, सारख्या होत्या त्या एकत्र केल्या, आणि प्रत्येकानं घडी केलेल्या चिठ्ठीवर तीन नंबर लिहून दिले. नाल्याकाठची एकच तार सगळ्यांत पुढे. पैशाची चर्चा मात्र तोंडीच झाली, आणि तिथं काकाजी पुन्हा काकाजी झाले. एकराचा दर त्यांच्या मनाचाच ठरला. लिहिण्यानं सूचना मोकळ्या झाल्या, ट्रॅक्टर कोणाचा आहे ते काही बदललं नाही. पुढच्या वेळी दरही चिठ्ठीवरच मागणार आहे.

आणि हो, राहिलंच. बैठकीची वेळ ठेवताना त्या आठवड्यात शेतीची लाईन दिवसा आहे की रात्री ते बघून घ्या. आमच्या पहिल्या बैठकीत लाईन आल्याचा फोन आला आणि ओलितवाले अर्धे उठून मोटार सुरू करायला गेले, कागद तिथंच टाकून.