दोन नंबरच्या सीटसाठी तीन शर्यती

इथल्या रोइंग क्लबात मी कॉक्स आहे. आठ जणांच्या बोटीत वल्ही मारणारे सगळे प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसतात, पुढचं पाहणारी मी एकटीच. सुकाणू धरायचं, आठ जणांना एका लयीत ठेवायचं, आणि निवडीच्या दिवसांत कोचबरोबर बसून आकड्यांची वही सांभाळायची, हे माझं काम. घरी सगळ्यांना वाटतं की सगळ्यात ताकदवान आठ जण उचलून बोटीत बसवले की झालं. यंदा एका सीटसाठी आम्ही किती खल केला तो सांगते, म्हणजे असं का होत नाही ते कळेल.

सात जण नक्की झाले होते. आठव्या जागेसाठी दोघे उरले. दोघेही स्ट्रोक साइडचे, म्हणजे ज्यांचं वल्हं बोटीच्या डाव्या अंगाला असतं त्यांच्यातले. हे महत्त्वाचं, कारण एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूला बसवून तुलना करता येत नाही. नावं लिहीत नाही. एकाचं वजन ९२ किलो, त्याला भारी म्हणते. दुसरा ७६ किलोचा, तो हलका.

एर्गोमीटर म्हणजे जमिनीवर बसून वल्ही मारण्याचं यंत्र, सगळे त्याला नुसतं एर्ग म्हणतात. त्यावर २००० मीटरची चाचणी झाली. भारी ६:२०, हलका ६:३१. अकरा सेकंदांचा फरक म्हणजे तिथेच निकाल लागला असं वाटतं. ताकदीत मोजलं तर भारी सरासरी ४०८ वॉट देत होता, हलका ३७५. पण एर्ग जमिनीवर घट्ट उभं असतं आणि त्याला माणसाचं वजन वाहावं लागत नाही. बोटीला लागतं. वजन वाढलं की बोट खोल बसते, जास्त लाकूड पाण्याला घासतं (आता कार्बन फायबर असतं, पण तोंडात लाकूडच बसलंय).

म्हणून वजनाची दुरुस्ती करतात. प्रचलित सूत्र असं: पौंडांतल्या वजनाला २७० ने भागा, त्याचा ०.२२२ वा घात काढा आणि वेळेला त्याने गुणा. हा ०.२२२ कुठून आला हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. तो म्हणजे दोन नवमांश. सारख्याच आकाराची बोट लहानमोठी केली, तर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वजनाच्या दोन तृतीयांश घाताने वाढतो. वेग मात्र ताकदीच्या घनमुळानेच वाढतो, म्हणून त्या दोन तृतीयांशाचा पुन्हा तिसरा हिस्सा घ्यायचा. हे उमगलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

दुरुस्तीनंतर भारीचे झाले ५:५६.६ आणि हलक्याचे ५:५१.७. निकाल फिरला! पण इथेच सगळ्यांची फसगत होते. हे सूत्र प्रत्येक माणसामागे त्याच्या वजनाच्या मापाची बोट गृहीत धरतं. आमची बोट तर ठरलेली आहे. ती ९६ किलोची, त्यात मी ५५ किलोची, आणि बाकीचे सात जण तेच. तेव्हा खरा प्रश्न एवढाच की या एका माणसाच्या बदलाने संपूर्ण बोटीचं काय होतं.

कोचने आणि मी तो हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडला. आठ जणांची मिळून ताकद सुमारे ३२०० वॉट. भारी बसला तर ३३ वॉट जास्त, म्हणजे एक टक्का, आणि वेगात त्याचा तिसरा हिस्सा. सहा मिनिटांच्या शर्यतीत साधारण सव्वा सेकंदाचा फायदा. पण त्याच्याबरोबर १६ किलो जास्त येतात. माणसं धरून सगळी बोट ८६० किलोच्या आसपास, तेव्हा वजनातली वाढ दोन टक्क्यांना थोडी कमी. तिचे दोन नवमांश धरले तर जवळजवळ दीड सेकंदाचा तोटा. तोही जरा जास्तच धरलेला, कारण तयार बोट थोडी खोल बसली म्हणून तिचा भिजणारा भाग सूत्राइतका वाढत नाही. थोडक्यात, कागदावर दोघे बरोबरीत. एर्गवरचे अकरा सेकंद आणि सूत्रातले पाच सेकंद, दोन्ही विरघळून गेले.

मग नदी. सीट रेस म्हणजे चार-चार जणांच्या दोन बोटी शेजारी शेजारी, १००० मीटर, दोन्हींचा स्ट्रोक रेट, म्हणजे वल्ह्यांच्या फटक्यांची गती, मिनिटाला ३० वर बांधलेला. शर्यत झाली की बोटी एकमेकींना भिडवायच्या, एकेक माणूस अदलाबदल करायचा आणि पुन्हा धावायचं. कोणाची बदली होणार हे आधी कोणालाच सांगायचं नाही, नाहीतर कोणी मित्रासाठी जोर लावतो, कोणी राखून ठेवतो. कोचने त्या दिवशी आधी दुसऱ्याच बाजूच्या दोघांना बदललं, ते यासाठीच.

आमच्या दोघांच्या पहिल्या शर्यतीत भारी पहिल्या बोटीत होता आणि ती १.८ सेकंदांनी पुढे आली. अदलाबदल केली. आता हलका पहिल्या बोटीत, आणि ती ४.२ सेकंदांनी पुढे. पुन्हा मूळ जागी आणलं तर १.४. ही तिसरी शर्यत कंटाळवाणी वाटते, पण तिच्याशिवाय वारा बदलला की माणूस बदलला हे ओळखता येत नाही. १.८ आणि १.४ जवळजवळ आहेत म्हणजे मापन भरवशाचं आहे. ते ३.० निघाले असते तर सगळं रद्द करून दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं असतं.

पहिल्या-तिसऱ्याची सरासरी १.६, दुसरीत ४.२, फरक २.६. कोणी घाईने म्हणेल, हलका २.६ सेकंदांनी चांगला. नाही. त्याने एक बोट वेगवान केली तेव्हाच दुसरी बोट त्याला मुकली, म्हणजे फरक दोनदा मोजला गेला. निम्मा घ्यायचा: १.३. आठ जणांच्या बोटीत एकाचा वाटा अर्धा होतो, पण अंतर दुप्पट, म्हणून २००० मीटरलाही ढोबळ मानाने तेवढाच. कागदावरच्या पाव सेकंदापेक्षा हे कितीतरी जास्त.

भारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "खरं सांग, तुला काय दिसलं?" मी सांगितलं. सीट पुढे सरकत येते त्या शेवटच्या क्षणी तो पायांनी दाबायला सुरुवात करतो, पण वल्ह्याचं पातं तोवर पाण्यात गेलेलं नसतं. पाण्यात पकड नाही आणि पाय दाबताहेत, म्हणजे तो बोटीलाच मागे ढकलतो. मोठ्या बोटीत तो असला की दर स्ट्रोकला बोट क्षणभर अडते आणि माझी मान पुढे जाते. एर्गवर हे दिसतच नाही, कारण तिथे साखळी हातात आल्याक्षणी ताणलेली असते. तो बराच वेळ गप्प उभा राहिला, मग म्हणाला, "चल, दाखव." आम्ही धक्क्याला बांधलेल्या बोटीत बसून फक्त पातं टाकण्याचा सराव केला, अंधार पडेपर्यंत. तो यंदा चारच्या बोटीत आहे.

हलक्याला स्ट्रोक साइडच्या २, ४, ६, ८ पैकी जागा द्यायची होती. आठवर लय धरणारा ठरलेलाच, चार आणि सहावर आमचे वजनदार गडी, कारण बोट मध्ये रुंद असते आणि तिथे जास्त भार पेलते. उरली दोन नंबरची सीट, बोटीच्या पुढच्या टोकाजवळची. बोटीचा तो भाग अरुंद, जास्त वरखाली होणारा, म्हणून तिथे हलका आणि नेमक्या वेळी पातं टाकणारा माणूस लागतो. शनिवारी पहिल्यांदा सगळे एकत्र निघालो. सरावाच्या वेगात मी समोरच्या पात्यांकडे पाहत होते. आठही एकदम आत जात होती, आणि माझी मान जागच्या जागी होती.